संत्र्याची फळगळ आणि परीक्षकाचा प्रश्न : काय दिसलं असतं तर तुम्ही दावा मागे घेतला असता?

वैदर्भी_संशोधक

नमस्कार मंडळी. मी नागपुरात कृषी विस्तार या विषयात पीएचडी करते आहे. काटोल आणि नरखेड तालुक्यांतल्या संत्रा बागायतदारांच्या मुलाखती घेऊन एक शोधनिबंध लिहिला होता. बरेच शेतकरी शेण, गोमूत्र, गूळ, बेसन वगैरे आंबवून घरीच एक द्रावण करतात आणि झाडांवर फवारतात. त्याने आंबिया बहाराची फळगळ कमी होते का, हा विषय.

निबंध परत आला आहे. तक्ते, भाषा, संदर्भ यांवर परीक्षकांची काही तक्रार नाही. शेरा एकच आहे : "मुख्य दावा फॉल्सिफायेबल नाही. काय आढळलं असतं तर लेखिकेने हा दावा मागे घेतला असता, ते एका वाक्यात लिहावे."

ज्यावर आक्षेप आहे तो निष्कर्षातला उतारा असा :

"सदर द्रावणाची योग्य प्रमाणात, योग्य वेळी व निष्ठेने फवारणी केल्यास फळगळ लक्षणीयरीत्या कमी होऊ शकते. ज्या बागांमध्ये अपेक्षित परिणाम दिसून आला नाही, तेथे फवारणीतील अनियमितता, हवामानातील चढउतार व बागेच्या व्यवस्थापनातील त्रुटी कारणीभूत असल्याचे आढळले."

मला तर हे लिखाण सावध आणि प्रामाणिक वाटतं. जिथे फरक पडला नाही त्या बागा मी लपवलेल्या नाहीत, उलट त्यांची कारणं दिली आहेत. मग परीक्षकांना नेमकं काय खटकलं? मार्गदर्शक म्हणतात, शून्य परिकल्पना जोडा आणि परत पाठवा. तेवढ्याने भागेल का?

---

धरमपेठ_वाचक

सोपं आहे. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९३४ साली आपल्या पुस्तकात हेच मांडलं. सिद्धान्त कितीही उदाहरणांनी सिद्ध होत नाही, पण एका विरोधी उदाहरणाने तो पडतो. तुमच्याकडे फरक न पडलेल्या बागा आहेत. एक बाग पुरे. दावा तिथेच संपला, निबंध मागे घ्या.

नाहीतर मार्गदर्शक म्हणतात तसं करा. "फवारणीचा फळगळीवर परिणाम होत नाही" अशी शून्य परिकल्पना लिहा, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की ती फेटाळा. मग दावा आपोआप फॉल्सिफायेबल झाला.

---

मातीशी_नातं

या शेऱ्यामागची मानसिकता ओळखा, ताई. सेंद्रिय म्हटलं की प्रयोगशाळेतल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. शेतकऱ्याचं पिढ्यानपिढ्यांचं ज्ञान खोटं ठरवायला निघालेत हे. रासायनिक औषधांना कुणी असा प्रश्न विचारतं का? तुम्ही मुळीच माघार घेऊ नका.

---

जुना_प्रयोगवाला

फळझाडांवरच्या चाचण्या आखण्यात आणि तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मातीशी_नातं यांना. परीक्षकांनी द्रावण निरुपयोगी आहे असं म्हटलेलं नाही. ते उत्तम काम करत असेल, तरीही हा शेरा तसाच राहील. कारण शेरा द्रावणावर नाही, उताऱ्यावर आहे. आणि रासायनिक औषधांना हा प्रश्न विचारला जातोच, विचारलाच पाहिजे. कुणी कीटकनाशकाच्या जाहिरातीत "योग्य वापर केल्यास फायदा होऊ शकतो" असं लिहिलं तर तेही याच कारणासाठी कुचकामी.

आता वैदर्भी, तुमचा उतारा घेऊ. दोन बागा डोळ्यांसमोर आणा. पहिलीत फवारणी झाली आणि गळ कमी झाली. तुमचा दावा खरा. दुसरीत फवारणी झाली आणि गळ वाढली. उतारा म्हणतो, इथे निष्ठा कमी पडली किंवा हवामान आडवं आलं, म्हणजे दावा तरीही खरा. तिसरा प्रकार काढून बघा. फवारणी न करता गळ कमी झाली तर? "व्यवस्थापन चांगलं होतं." कोणतीही बाग आणा, उताऱ्याला ओरखडासुद्धा उठत नाही. तुम्हाला ही त्याची ताकद वाटते आहे. पण जे विधान कुठल्याच बागेत खोटं पडू शकत नाही, ते कुठल्याच बागेबद्दल काही सांगत नाही. पुढच्या वर्षी काटोलच्या एखाद्या शेतकऱ्याने विचारलं, "फवारू का, काय होईल?" तर या उताऱ्यातून त्याला उत्तर मिळणार नाही.

धरमपेठ_वाचक अर्धे बरोबर आहेत. पॉपरचं नाव आणि साल बरोबर. पण एका बागेने दावा पडतो, हे शेतीत चालत नाही. तुमचा दावा "प्रत्येक झाडाला फरक पडतो" असा नाहीच, सरासरीबद्दलचा आहे. सरासरीच्या दाव्याला एक बाग पाडत नाही. त्याला पाडायचं तर किती बागा, किती फरक, हे आधी बोलावं लागतं. ते तुम्ही बोललेला नाहीत, खरी गोची तिथे आहे.

शून्य परिकल्पनेचं म्हणाल तर त्या चाचणीत डावावर लागते ती शून्य परिकल्पना, तुमचं म्हणणं नाही. फेटाळली गेली तर तुम्ही म्हणणार, बघा, परिणाम आहे. फेटाळली गेली नाही तर म्हणणार, नमुना लहान होता. दोन्ही वेळा तुम्ही सुरक्षित. शिवाय नमुना खूप मोठा असेल तर शंभरात अर्ध्या फळाचा फरकही ०.०५ च्या खाली येईल, आणि त्याचा बागायतदाराला काडीचा उपयोग नाही. तुमचा दावा धोक्यात यायचा असेल तर "किमान इतका फरक दिसला पाहिजे, आणि तो पकडता येईल इतकी झाडं मी घेतली आहेत" असं म्हणावं लागेल.

एक गोष्ट विचारायची आहे. "निष्ठेने" फवारणी केलेले शेतकरी तुम्ही कसे ओळखले? कधी आणि कुणाला विचारून?

---

वैदर्भी_संशोधक

सर, मनापासून धन्यवाद. तोडणीच्या वेळी मुलाखती घेतल्या. "फवारणी नियमित झाली का?" असा प्रश्न होता आणि हो, बऱ्यापैकी, नाही असे तीन पर्याय. त्याच मुलाखतीत फळगळ किती झाली हेही विचारलं. काही जणांकडे फवारणीच्या तारखांची वही होती, तिचे फोटो काढले आहेत, पण विश्लेषणात वापरले नाहीत.

---

जुना_प्रयोगवाला

मग मूळ दुखणं इथे आहे, वैदर्भी. शब्दरचना बदलून ते जाणार नाही.

तोडणीच्या दिवशी झाडाखाली फळांचा सडा पडलेला असताना त्या माणसाला विचारलंत, फवारणी नियमित झाली का. ज्याची गळ जास्त झाली तो मनातल्या मनात कारण शोधतच असतो. तो म्हणणार, "नाही हो, मधली एक फवारणी राहिली." ज्याचं झाड लगडलेलं आहे त्याचीही एखादी फवारणी राहिली असेल, पण त्याला ती आठवणार नाही. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. तरीही "नियमित" या गटात चांगल्या बागा आणि "अनियमित" गटात वाईट बागा आपोआप जमा होतात. द्रावणाऐवजी साधं पाणी फवारलं असतं तरी तुमचा तक्ता असाच दिसला असता. अट तपासण्याची पद्धतच निकालावर अवलंबून असेल, तर दावा खोटा पडायला जागाच उरत नाही.

वह्यांचे फोटो आहेत हे फार चांगलं झालं. ते एखाद्या मैत्रिणीला द्या, जिला कुठल्या बागेत किती गळ झाली हे माहीत नाही. नियमित म्हणजे काय ते आधी कागदावर लिहा, उदाहरणार्थ ठरलेल्या फवारण्यांपैकी एकही चुकलेली नाही आणि दोन फवारण्यांत ठरल्यापेक्षा जास्त अंतर नाही. तिने फक्त तारखा बघून गट पाडायचे. त्यानंतर तुम्ही गळीचे आकडे जोडा. फरक टिकला तर काहीतरी हाती आहे. विरला, तर परीक्षकांना हवं असलेलं वाक्य आपोआप मिळालं.

---

नरखेडचा_बागायतदार

मास्तर, मी शिकलेला जास्त नाही, पण बाग माही तीस वर्साची हाय. द्रावण मीबी मारतो. मले फायदा दिसला. पण एक सांगतो, फळगळ म्हंजे एकच रोग नोहे. एप्रिल-मेमंदी गोटीएवढं फळ गळते, ते उन्हानं आन पाण्याच्या ताणानं. सप्टेंबर-ऑक्टोबरमंदी जे मोठं फळ गळते, त्यातलं लय फळ पतंगाचं असते. रातच्याला येते, सोंडेनं भोक पाडून रस पिते. सकाळी खाली पडलेलं फळ हातात घ्या, बोटानं दाबा. बारीक भोकातून रस येते, भोकाभवती सालटं पिवळं-तपकिरी नरम पडलेलं असते. त्याले कोणतं द्रावण काय करन? आमी तर सांजच्याला धूर करतो. आन बांधावरची गुळवेल काढा म्हनतात, तिच्यावर त्याची अळी वाढते.

तं ताई, तुमी कोणत्या गळीचं इचारलं होतं?

---

वैदर्भी_संशोधक

काका, प्रश्नावलीत फक्त "एकूण फळगळ" होती. वेगवेगळी विचारली नव्हती.

---

जुना_प्रयोगवाला

बागायतदार भाऊंनी या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली. त्यांच्या निरीक्षणावरून दावा कसा धारदार होतो ते बघा.

वैदर्भी, तुमचं द्रावण काम करतं ते कसं? निबंधात तुम्ही म्हणत असाल की झाडाचं पोषण सुधारतं, झाड ताण सहन करतं, म्हणून फळ धरून ठेवतं. ठीक. हे खरं असेल तर ताणाने होणारी गळ कमी व्हायला हवी, आणि पतंगाने भोक पाडलेल्या फळांची गळ मात्र जवळपास तेवढीच राहायला हवी. आता दावा दोन बाजूंनी अडकला. ताणाची गळ कमी झाली नाही तर तो पडला. आणि पतंगाची गळही तेवढीच कमी झाली, तर काहीतरी कमी होतंय हे खरं, पण तुम्ही सांगितलेलं कारण चुकीचं. कदाचित वासाने पतंग दूर राहत असतील, कदाचित फवारणी करणारा शेतकरी धूरही नेमाने करत असेल. "एकूण फळगळ" या एका आकड्यात हे सगळं बुजून जातं.

यासाठी मोजणी शेतातच व्हायला हवी, मुलाखतीत नाही. एकाच बागेतली, एका वयाची, एकाच खुंटावरची झाडं घ्या. जंबेरीवरची आणि रंगपूर लाइमवरची सरमिसळ नको. कोणत्या झाडावर द्रावण आणि कोणत्यावर नुसतं पाणी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. चांगली दिसणारी झाडं द्रावणाला द्यायचा मोह आपल्या नकळत होतो. पाण्याची फवारणीही त्याच पंपाने, त्याच दिवशी. मध्ये एक ओळ रिकामी सोडा, नाहीतर वाऱ्याने तुषार शेजारच्या झाडावर जातात आणि दोन्ही सारखे दिसतात. प्रत्येक झाडाच्या चार दिशांना एकेक फांदी निवडून फीत बांधा, फळ गोटीएवढं असताना मोजा आणि मग ठरलेल्या दिवसांनी मोजत राहा. पडलेली फळं रोज सकाळी उचलून भोकाची आणि बिनभोकाची अशी वेगळी करा. मोजणाऱ्याला कुठल्या झाडावर काय मारलं हे माहीत नको. द्रावणाला वास असतो, त्यामुळे फवारणीच्या दिवशी मोजणी टाळा.

आणि पहिली फवारणी करण्याआधी एक वाक्य लिहून, तारीख टाकून मार्गदर्शकांकडे द्या : "द्रावणाच्या झाडांवर बिनभोकाच्या फळांची गळ पाण्याच्या झाडांपेक्षा किमान एक पंचमांशाने कमी नसेल, तर हा दावा मी मागे घेईन." परीक्षकांनी जे एक वाक्य मागितलंय ते असंच.

---

धरमपेठ_वाचक

पण सर, हवामानाचं काय? समजा फवारणीनंतर दोन तासांत पाऊस आला आणि द्रावण धुऊन गेलं. हे कारण दिलं तर तुम्ही त्याला पळवाट म्हणणार? मग कुठल्याही सिद्धान्ताला सबब देण्याचा हक्कच उरत नाही.

---

जुना_प्रयोगवाला

चांगला प्रश्न. सबब द्यायला बंदी नाही. सबबीमुळे नवीन काहीतरी तपासता आलं पाहिजे, एवढीच अट.

खगोलशास्त्रात एकाच माणसाने दोन्ही प्रकार करून दाखवले आहेत. युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे फिरत नव्हता. धरमपेठ_वाचकांच्या हिशेबाने न्यूटन तिथेच संपायला हवा होता. फ्रान्सच्या ल व्हेरिए याने सबब दिली की पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे, तो ओढतो. पण तो तिथे थांबला नाही, ग्रह आकाशात कुठे सापडेल ते गणिताने काढून कळवलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याने दुर्बीण लावली, तर सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. त्या रात्री तिथे काही नसतं तर सबब तोंडावर पडली असती.

मग बुधाची कक्षाही गणिताशी जुळेना. ल व्हेरिएने १८५९ मध्ये पुन्हा तेच सुचवलं : सूर्याजवळ आणखी एक वस्तू असेल. तिला व्हल्कन असं नावही पडलं. सूर्यग्रहणांच्या वेळी लोकांनी शोधलं, काहींनी दिसल्याचं सांगितलं, पण कुणालाही ती खात्रीने पुन्हा दाखवता आली नाही. बुधाचा तो फरक शतकाला सुमारे ४३ विकला इतका बारीक आहे. त्याचा हिशेब १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या सिद्धान्ताने लागला, ग्रहाशिवाय. व्हल्कनची सबब चुकली, पण तीही प्रामाणिक होती, कारण ती शोधता येत होती आणि शोधल्यावर पडली.

तुमच्या पावसाचंही तसंच. पाऊस आला तर परिणाम होत नाही असं म्हणायचं असेल, तर पर्जन्यमापकाची नोंद ठेवा आणि आधीच लिहा की फवारणीनंतर चोवीस तास कोरडे गेलेल्या बागांत परिणाम दिसेल, भिजलेल्यांत दिसणार नाही. आता ती सबब म्हणजे स्वतंत्र अंदाज झाला. तोडणीनंतर आठवलेला पाऊस मात्र चालणार नाही.

---

बुटीबोरी_मेकॅनिक

माझ्या मोठ्या भावाचं उदाहरण देतो. तो पत्रिका बघतो. लग्न जमलं तर योग होता, नाही जमलं तर "अजून वेळ आली नाही". मी त्याला नेहमी म्हणतो, दादा, तू चुकतोस कधी ते सांग. तो म्हणतो, शास्त्र चुकत नाही, सांगणारा चुकतो. ताईंच्या उताऱ्यात "निष्ठेने" वाचलं आणि तो आठवला. ज्योतिषही असंच तपासता येत नाही ना?

---

जुना_प्रयोगवाला

तपासता येतं, आणि आपल्याकडेच तपासलं आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ही चाचणी घेतली, तिचे निकाल २००९ मध्ये करंट सायन्समध्ये आले. हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे कुंडल्या होत्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या. कुंडली कुठल्या गटातली, एवढंच ओळखायचं. एक्कावन्न जणांनी कुंडल्या मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. अचूकता सरासरी ४६ टक्के निघाली, म्हणजे नाणं उडवण्याइतकीच.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती उत्तरं येण्याआधी झालेली बांधणी. कुंडलीवरून बुद्धी कळते, हा दावा ज्योतिषांचाच. तो "बरोबर-चूक" अशा प्रश्नात उतरवला, खरं उत्तर आधीच नोंदलेलं होतं आणि पाहणाऱ्याला माहीत नव्हतं. तुमच्या दादाचं म्हणणं घरी तपासता येत नाही, कारण तिथे उत्तर घडून गेल्यावर त्याचा अर्थ लावला जातो. बोलणं तेच, पण मांडणी बदलली की ते तपासाच्या टप्प्यात येतं. म्हणून एखादा विषयच्या विषय फॉल्सिफायेबल नाही असं म्हणण्यापेक्षा, तो दावा ज्या रूपात मांडलाय ते रूप बघावं, असं माझं मत.

---

अभंगवाचक

मी मराठी साहित्यात संशोधन करते. माझ्या प्रबंधात एका संतकवीच्या रचनांत "स्त्रीमनाची घुसमट" दिसते असं प्रतिपादन आहे. मला पडलेला प्रश्न, हे सगळं आमच्यावर लादायचं का? कविता म्हणजे काही संत्र्याचं झाड नाही. अर्थ लावणं ही चाचणी नसते.

---

जुना_प्रयोगवाला

तुमच्या क्षेत्रावर अधिकाराने बोलण्याइतकं माझं वाचन नाही. पण एक विचारतो. ज्या ओळींत घुसमट आहे त्या पुरावा, आणि ज्या ओळींत आनंद आहे तिथे "घुसमट दडपली आहे" असं प्रबंधात कुठे आलंय का? आलं असेल तर तुमचा परीक्षकही वैदर्भीच्या परीक्षकासारखंच विचारू शकतो.

---

अभंगवाचक

एका प्रकरणात आलंय. पण मौनाचाही अर्थ असतो, सर, आणि तो वाचणं हे आमचं कामच आहे. आकडे आणि मर्यादा ठरवून ते होणार नाही. हे मला अजून पटलेलं नाही. फार तर, कोणत्या रचना माझ्या वाचनात बसत नाहीत त्यांची चर्चा वेगळी करेन.

---

मातीशी_नातं

जुना_प्रयोगवाला सर, विरोध द्रावणाला नाही हे समजलं. पण एवढी चाचणी एका विद्यार्थिनीला परवडते का? फीत, मोजणारी माणसं, रोज सकाळी बागेत जाणं. मोठ्या कंपन्यांकडे पैसा असतो, म्हणून त्यांचेच दावे तपासलेले दिसतात. घरगुती ज्ञानाला मग न्याय मिळणार कसा?

---

जुना_प्रयोगवाला

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. चाचणी न परवडणं ही खरी अडचण आहे. पण तेव्हा निबंधात दावा लहान करता येतो. "आम्ही इतक्या शेतकऱ्यांना विचारलं, फवारणारे त्यांपैकी अमुक इतके समाधानी होते, कारण तपासलेलं नाही" हे विधान छोटं असलं तरी खोटं ठरवता येतं. कुणीही त्याच गावात जाऊन पुन्हा विचारू शकतो. मोठ्या पण न पडणाऱ्या दाव्यापेक्षा मी ते छापेन.

---

वैदर्भी_संशोधक

सर्वांचे आभार. मार्गदर्शकांशी बोलले. शून्य परिकल्पनेचा आग्रह त्यांनी सोडलेला नाही, पण वह्यांवरून गट पाडायला ते तयार झाले आहेत. वह्या सगळ्यांकडे नाहीत, त्यामुळे संख्या निम्म्याच्या खाली येते. ज्यांच्याकडे वही आहे ते मुळातच काटेकोर शेतकरी असणार, हेही डोक्यात आहे. निष्कर्षातलं "निष्ठेने" काढलं. त्या जागी वहीतल्या तारखांची अट लिहिली आणि ज्या बागांत फरक दिसला नाही त्यांची कारणमीमांसा काढून टाकली, कारण ती मी तपासलेली नव्हती.

एक शंका उरते. एक पंचमांश हा आकडा कुठून आणायचा? माझ्या मनाने ठरवला तर परीक्षक पुन्हा विचारतील.

---

धरमपेठ_वाचक

आधीच्या निबंधांत जो फरक आला असेल तोच घ्या ना.

---

जुना_प्रयोगवाला

नको. छापून येतात ते बहुतेक मोठे फरक, छोटे खणात पडून राहतात. मी एक पंचमांश म्हटलं ते उदाहरणादाखल. फवारणीचा खर्च, मजुरी आणि कळमन्यात मिळणारा भाव धरून किती फळं वाचली तर बागायतदाराचे पैसे निघतात, तिथून आकडा काढायचा, असं माझं मत. पण सांख्यिकीवाले काही जण याला विरोध करतात. ते म्हणतात की भाव दरवर्षी बदलतो, त्याला विज्ञानाची मर्यादा कशी करणार. त्यांचंही म्हणणं सोडून देण्यासारखं नाही.

---

नरखेडचा_बागायतदार

भावाचं मी सांगतो ताई. एका फवारणीले मजूर, पंपाचं पेट्रोल, गूळ-बेसन धरून झाडामागं किती पडते ते माह्या वहीत लिहेल हाय. फोन नंबर इथं देत नाही, निरोप पाठवा. आन पुढच्या आंबियाले माह्या बागेतल्या दोन ओळी पाण्याच्या ठेवाले मी तयार हाव. फक्त चिठ्ठ्या टाकताना मले बोलवा.